सलग पाच वर्षे पुढे: कसब की नशीब?

गेल्या महिन्याच्या लेखात फंडाचा खर्च कसा कापला जातो ते आपण पाहिले. त्यावर आलेल्या पत्रांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आपांचे पत्र आहे. शौहर कुवेतला नोकरीला आहेत. मुलगी सातवीत आहे आणि तिच्या पुढच्या शिक्षणासाठी सहा लाख रुपये बाजूला पडले आहेत. एजंटने त्यांना एका फंडाचा कागद दाखवला. त्यात गेल्या पाचही वर्षांत फंडाने बाजाराच्या निर्देशांकाला मागे टाकले आहे. आपांनी लिहिले आहे, "बाई, मॅनेजर हुशार असल्याशिवाय सलग पाच वर्षे कसे जमेल? एकदा नशीब, दोनदा नशीब, पण पाच वेळा?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यात काढता येते. त्यासाठी शेअर बाजाराचे ज्ञान लागत नाही. सातवी-आठवीचे गणित पुरते.

आधी वर्गातले एक उदाहरण घेऊ. मी मुलांना पाच "खरे की खोटे" असे प्रश्न दिले. ज्याने काहीच अभ्यास केला नाही, तो नाणे उडवल्यासारखी उत्तरे लिहितो. त्याची पाचही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता बत्तिसात एक. आता एका मुलाची पाचही बरोबर आली. पाहणारा लगेच म्हणतो, "अंदाजाने असे होण्याची शक्यता बत्तिसात एकच, म्हणजे या मुलाने अभ्यास केला असण्याची शक्यता बत्तिसात एकतीस." इथेच घसरण होते. "अभ्यास न केलेल्याला पाचही बरोबर येण्याची शक्यता किती" हा एक प्रश्न झाला. "पाचही बरोबर आलेल्याने अभ्यास केलेला असण्याची शक्यता किती" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवता येत नाही. दुसऱ्याचे उत्तर द्यायचे, तर वर्गात मुळात किती मुले अभ्यास करतात हे माहीत हवे. अभ्यास करणारे कोणीच नसेल, तर पाचही बरोबर आणणारा प्रत्येक जण नशिबाचाच असणार.

ही गोष्ट नीट मांडली ती अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याने. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली छापला गेला. सांगणे असे, की नवा पुरावा येण्यापूर्वी तुमचा काही एक अंदाज असतो. पुरावा आला की तो अंदाज फेकून द्यायचा नाही, पुराव्याच्या वजनाइतका सरकवायचा.

आता हेच फंड मॅनेजरांना लावू. एक हजार मॅनेजर आहेत असे धरा. त्यांतल्या शंभर जणांना खरोखर कसब आहे आणि नऊशे जणांना नाही. कसब असलेला मॅनेजर दर वर्षी निर्देशांकाला हरवेलच असे नाही. खरा जाणकारही चुकतो, त्याचा अंदाज बरोबर ठरायलाही कधी दोन-तीन वर्षे जातात. म्हणून कसबी माणूस दहापैकी सहा वर्षे जिंकतो असे धरू, आणि कसब नसलेला दहापैकी पाच वर्षे, म्हणजे निव्वळ छापा-काटा. हे आकडे मी गृहीत धरले आहेत. ते बदलले तर काय होते, तेही पुढे पाहू.

पाच वर्षे गेली. नऊशे बिनकसबी मॅनेजरांपैकी पहिल्या वर्षी साडेचारशे जिंकले, त्यांतले सव्वादोनशे दुसऱ्या वर्षीही जिंकले. असे अर्धे-अर्धे करत गेलो की पाचव्या वर्षाअखेरीस सुमारे अठ्ठावीस जण उरतात. सलग पाच वर्षे विजयी, आणि हातात कसब काहीच नाही. शंभर कसबींचे काय? पहिल्या वर्षी साठ, दुसऱ्या वर्षी छत्तीस, आणि पाचव्या वर्षाअखेरीस जेमतेम आठ. म्हणजे सलग पाच वर्षे जिंकलेल्यांची रांग लावली, तर तिच्यात छत्तीस माणसे उभी राहतील आणि त्यांतली आठच कसबी असतील. एजंटच्या कागदावरचा मॅनेजर या छत्तिसांतला एक आहे. तो कसबी असण्याची शक्यता सुमारे बावीस टक्के.

पाच वर्षांच्या विजयाने काहीच कळले नाही असे नाही. आधी ही शक्यता दहा टक्के होती, आता बावीस झाली. ती दुपटीहून वाढली, पण आपांना वाटते तशी सत्त्याण्णव झाली नाही.

हाच हिशेब थोडक्यात करायची एक सोपी रीत आहे. कसबी आणि बिनकसबी यांचे सुरुवातीचे प्रमाण एकास नऊ. प्रत्येक विजयी वर्षाला कसबीची बाजू किती जड होते? कसबी सहा वेळा जिंकतो तेव्हा बिनकसबी पाच वेळा जिंकतो, म्हणजे सहा भागिले पाच, १.२ पट. प्रत्येक पराभवाला ती ०.८ पट होते, कारण कसबी चार वेळा हरतो तेव्हा बिनकसबी पाच वेळा. पाच विजयांचे १.२ ला पाच वेळा गुणून सुमारे अडीच. मग एकास नऊचे अडीचास नऊ झाले, आणि अडीचला एकूण साडेअकरांनी भागले की तेच बावीस टक्के. एका वर्षाचा पुरावा इतका हलका असतो. या रीतीने दहा टक्क्यांवरून निघून पन्नास टक्क्यांपर्यंत, म्हणजे "असेल किंवा नसेल" एवढ्यापर्यंत पोचायला सलग बारा विजय लागतात. आमच्या घरातली मुले तेवढ्या वर्षांत पहिलीतून बारावी पास होतात.

अशी लांब मालिका खरेच कधी झाली आहे का? झाली आहे. अमेरिकेत लेग मेसन व्हॅल्यू ट्रस्ट नावाचा फंड होता आणि तो बिल मिलर सांभाळत. १९९१ पासून २००५ पर्यंत, सलग पंधरा वर्षे, या फंडाने एस अँड पी ५०० या निर्देशांकाला मागे टाकले. त्या काळात अमेरिकी मासिकांत मिलर यांचा उल्लेख मोठ्या आदराने होत असे.

छापा-काट्याने सलग पंधरा वेळा छापा येण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये एक. हा आकडा ऐकला की माणूस गप्पच होतो. पण दुसऱ्या बाजूचा आकडाही मांडा. दहात सहा वर्षे जिंकणाऱ्या कसबी माणसालाही सलग पंधरा वर्षे जिंकण्याची शक्यता सुमारे २,१२७ मध्ये एकच आहे. कसबी माणसासाठीसुद्धा ही घटना अतिशय दुर्मीळ आहे. घटना किती दुर्मीळ, यावर पुराव्याचे वजन ठरत नाही. एका बाजूने ती दुसऱ्या बाजूपेक्षा किती पट शक्य आहे, यावर ठरते. इथे ते सुमारे साडेपंधरा पट आहे. एकास नऊचे साडेपंधरास नऊ झाले, म्हणजे २००५ च्या अखेरीस मिलर कसबी असण्याची शक्यता त्रेसष्ट टक्के. जगाने पाहिलेल्या इतक्या लांब मालिकेनंतर त्रेसष्ट. तीनात एकाहून जास्त शक्यता अजूनही नशिबाची आहे.

शिवाय मैदानात मिलर एकटे नव्हते. लिओनार्ड म्लोदिनॉव या भौतिकशास्त्रज्ञाने हिशेब मांडला होता, की हजारभर मॅनेजर दर वर्षी निव्वळ नाणी उडवत बसले असते, तरी चाळीस वर्षांच्या काळात त्यांच्यापैकी कोणाची तरी पंधरा वर्षांची मालिका होण्याची शक्यता चारात तीन होती. मिलर यांचीच होईल याची शक्यता नगण्य, पण कोणाची तरी होईल याची भरपूर. ज्याची झाली त्याचे छायाचित्र छापले गेले, एवढेच. मिलर माणूस प्रांजळ. त्यांनी स्वतःच सांगितले होते की ही मालिका कॅलेंडरचा योगायोग आहे, वर्ष डिसेंबरऐवजी दुसऱ्या महिन्यात संपत असते तर ती दिसलीही नसती.

पुढे काय झाले? २००६ साली फंड निर्देशांकाच्या मागे पडला. २००७ सालीही पडला. २००८ मध्ये जागतिक आर्थिक संकट आले, आणि मिलर यांनी पडत्या किमतीत घेतलेले बँकांचे व वित्त कंपन्यांचे शेअर आणखी खोल गेले. एस अँड पी ५०० त्या वर्षी सुमारे सदतीस टक्के पडला, व्हॅल्यू ट्रस्ट सुमारे पंचावन्न टक्के. आपल्या रीतीने तीन पराभवांचे ०.८ ला तीनदा गुणायचे. शक्यता त्रेसष्टवरून सत्तेचाळीस टक्क्यांवर येते. २००९ साली फंड पुन्हा चांगलाच पुढे गेला, शक्यता एक्कावन्न. २०१० आणि २०११ मध्ये पुन्हा मागे. एकवीस वर्षांत सोळा विजय, पाच पराभव, आणि शक्यता चाळीस टक्के. २०१२ साली मिलर यांनी तो फंड सोडला.

जे लोक २००५ मध्ये "हा माणूस कसबी आहेच" म्हणत होते, त्यातले बरेच २००८ मध्ये "याला काही कळत नाही" म्हणू लागले. आकडा मात्र त्रेसष्टवरून सत्तेचाळीसवर आला, शंभरावरून शून्यावर नाही. लोकांचे मत आकड्यापेक्षा फार जोरात हलते.

आता माझ्या गृहीतांवर बोट ठेवू या, कारण जाणत्या वाचकांनी ते ठेवलेच असेल. कसबी माणूस दहात सहा नव्हे, सात वर्षे जिंकतो असे धरले तर? मग प्रत्येक विजय १.४ पट वजनाचा होतो आणि २००५ ची शक्यता त्रेसष्टऐवजी चौऱ्याण्णवच्या पुढे जाते. मात्र प्रत्येक पराभवही तेवढाच महाग पडतो, २०११ पर्यंत ती पासष्टवर उतरते. यावरून एक दिसते: कसबाची व्याख्या जितकी जबरदस्त कराल, तितका एकेका वर्षाचा पुरावा बोलका होतो. पण दर दहा वर्षांत सात वर्षे, खर्च वजा जाता, निर्देशांकाला हरवणारी माणसे किती आहेत, हा प्रश्न उरतोच.

आणि खरी कळ तिथेच आहे. सगळा हिशेब सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उभा आहे. तो आकडा आणायचा कुठून? बारास, स्केले आणि वर्मर्स या तीन अभ्यासकांनी १९७५ ते २००६ या काळातले दोन हजारांवर अमेरिकी फंड तपासून २०१० साली एक शोधनिबंध छापला. त्यांनी निव्वळ नशिबाने चमकणारे किती निघतील याचा अंदाज करून ते वजा केले. खर्च भरून वर काही उरवणारे खरे कसबी फंड १९८९ पर्यंतच्या हिशेबात चौदा टक्क्यांच्या आसपास निघाले. २००६ पर्यंत येता येता ते ०.६ टक्क्यावर आले, म्हणजे हजारात सहा. सुमारे तीन चतुर्थांश फंड असे, की त्यांचे कसब त्यांच्याच खर्चात फिटून जाते. बाकीचे तोट्याचे.

हजारात सहा घेऊन पाच वर्षांचा हिशेब पुन्हा करा. सहा कसबींपैकी पाच वर्षांनंतर अर्धा माणूसही उरत नाही, आणि ९९४ बिनकसबींपैकी एकतीस उरतात. मग कागदावरचा मॅनेजर कसबी असण्याची शक्यता दीड टक्का. तोच कागद, तीच पाच वर्षे, पण उत्तर बावीसऐवजी दीड. आपल्या देशात हे प्रमाण अमेरिकेइतके खाली असेलच असे मी म्हणत नाही. म्हणूनच पुढच्या हिशेबात मी उदारपणे दहा टक्केच धरते.

एक हरकत माझ्या विरुद्ध बाजूनेही घेता येते आणि ती बरोबर आहे. बिनकसबी मॅनेजर अर्धी वर्षे जिंकतो असे मी धरले, पण त्याच्या फंडातून दर वर्षी खर्च कापला जातो, निर्देशांकातून नाही. त्यामुळे तो अर्ध्याहून कमी वेळा जिंकणार. शंभरात पंचेचाळीस वेळा धरले, तर पाच वर्षांनंतर त्यांतले अठ्ठावीसऐवजी सतराच उरतात आणि आपला बावीसचा आकडा बत्तीसवर जातो.

आता आपांच्या सहा लाखांकडे. बावीस टक्के किंवा बत्तीस टक्के हा आकडा घेऊन करायचे काय? त्यासाठी दोन्ही बाजूंचे मोल मांडावे लागते. समजा मॅनेजर खरोखर कसबी निघाला, तर खर्च जाऊन तो निर्देशांकापेक्षा वर्षाला दोन टक्के जास्त मिळवून देईल. नाही निघाला, तर त्याच्या जास्तीच्या खर्चापायी स्वस्त इंडेक्स फंडाच्या तुलनेत वर्षाला एक टक्का कमी मिळेल. दोन टक्के फायदा, एक टक्का तोटा. मग कसबाची शक्यता तेहतीस टक्क्यांच्या वर असेल तरच हा सौदा परवडतो. बावीस टक्क्यांवर सहा लाखांमागे वर्षाला सरासरी सुमारे दोन हजारांचा तोटा येतो. बत्तीसवर जेमतेम बरोबरी, तीही दहा टक्क्यांच्या उदार सुरुवातीनंतर. पहिल्या रीतीने हा उंबरठा ओलांडायला पाच नव्हे, सलग नऊ विजय लागतात. तुमच्याजवळचे फायद्या-तोट्याचे आकडे वेगळे असतील तर उंबरठाही वेगळा येईल. कागद-पेन घेऊन पाच मिनिटांत काढता येतो.

हिशेब करण्यापूर्वी एक गोष्ट तपासा: ज्याला "विजय" म्हटले आहे तो खरोखर विजय आहे का? आपल्या घरांत हा प्रश्न जास्त येतो, कारण आपल्यापैकी अनेक जण शरिया नियमांनुसार चालणारे फंड निवडतात. टाटा एथिकल फंड १९९६ पासून आहे. कोणता फंड जायज, हे उलेमांना विचारावे; इथे फक्त गणित. या फंडांत बँका आणि व्याजावर चालणाऱ्या वित्त कंपन्या नसतात, आणि निफ्टी ५० मध्ये त्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो. ज्या वर्षी बँका मागे पडतात आणि आयटी, औषध कंपन्या पुढे जातात, त्या वर्षी असा प्रत्येक फंड निफ्टीपेक्षा चांगला दिसतो. मॅनेजरने काहीही केलेले नसताना. २०२० असेच वर्ष होते. बँकांच्या तेजीच्या वर्षी उलटे होते, आणि तेव्हाही मॅनेजरचा दोष नसतो. अशा फंडाची तुलना निफ्टी ५० शी केली, तर पाच विजय म्हणजे पाच वेगवेगळे पुरावे राहत नाहीत. बँका लागोपाठ मागे राहिल्या, या एकाच गोष्टीची ती पाच वेळा झालेली नोंद असू शकते. १.२ ला पाचदा गुणायचा हक्क मग आपल्याला राहत नाही.

म्हणून एजंटने कागद पुढे केला की फंडाचे महिन्याचे फॅक्टशीट मागा. ते फंड कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळते. त्यात तुलनेसाठी घेतलेल्या निर्देशांकाचे नाव पाहा. शरिया फंड असेल तर निफ्टी ५०० शरिया यांसारखा शरिया निर्देशांकच असायला हवा. नावापुढे टीआरआय ही अक्षरे आहेत का बघा. त्यांचा अर्थ निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांशही मोजला आहे. फेब्रुवारी २०१८ पासून सेबीने ते सक्तीचे केले. त्याआधी अनेक फंड लाभांश न मोजलेल्या निर्देशांकाशी तुलना करत, आणि दर वर्षी थोडीशी आघाडी आयती मिळत असे. त्याच पानावर मॅनेजरचे नाव आणि तो हा फंड कोणत्या तारखेपासून पाहतो, हे असते. पाचपैकी तीन वर्षे आधीच्या माणसाची असतील, तर आजच्या माणसाच्या नावावर विजय दोनच. दोन विजयांनी दहा टक्क्यांचे होतात पावणेचौदा.